ता. म्हंजे तारीख का तालुका?

आमच्या गावात १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमाचं निवेदन मीच लिहितो, कारण एकदा मी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतल्या चुका काढल्या होत्या आणि तवापासून मी गावाचा साहित्यिक. वाचायला भाचा. आवाज असा की माईक बंद पडला तरी कुणाला कळत नाही.

मागल्या वर्षी झकास टाईप करून कागद दिला अन् पहिल्या रांगेत जाऊन बसलो. पहिलंच वाक्य होतं, "ता. १७/९/१९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला." पोरगं कडक आवाजात म्हणालं, "तालुका सतरा..." त्याला तरी काय म्हणावं, खाली पाहुण्यांच्या नावापुढं मीच "ता. पैठण" लिहिलं होतं. सावरलं, आणि पुढं "एकोणीसशे चौऱ्याऐंशी" म्हणालं. मागून एक म्हातारा ओरडला, "काहून रे, म्हंजे म्या पारतंत्र्यात लगीन केलं का?"

घरी येऊन कागद बघितला तवा कळलं. ४८ मध्ये डोळ्याला आधी चार दिसतो, पण मराठीत तोंडानं आधी आठ काढावा लागतो, अठ्ठेचाळीस. घाईत डोळा जिंकला की चौऱ्याऐंशी झालंच. एकोणसाठ, एकोणसत्तर तर त्याहून वाईट, समोर ५९ दिसतंय आणि तोंडात साठ. रुपयांचं पण तसंच, "रु. ११,१०१/-" मध्ये रुपये पुढं लिहायचे अन् मागं बोलायचे, वर ती शेपटी वाचायची का नाही हे कुणीच सांगत नाही.

देणगी तेवढी अक्षरातही लिहिली होती, तिचा तर घोटाळाच झाला. "अकरा हजार" पानाच्या शेवटी, "एकशे एक रुपये, सोसायटीचे चेअरमन" दुसऱ्या पानावर. अकरा हजारला टाळ्या पडल्या, भाचा टाळ्या संपायची वाट बघत थांबला, मग पान उलटून म्हणाला, "एकशे एक रुपये, सोसायटीचे चेअरमन." चेअरमन चहाला थांबले नाहीत.

यंदा सगळं बोलतो तसंच लिहिलं. "सतरा सप्टेंबर, एकोणीसशे अठ्ठेचाळीस." "१३ म. २ दि." काढून "देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिने दोन दिवसांनी". १.५ लाखाचं दीड लाख, कारण "एक पॉइंट पाच लाख" ऐकून गावात कुणाला काही बोध होत नाही. तारखेला तारीख, तालुक्याला तालुका, रुपये आकड्याच्या मागं. सगळं अक्षरात लिहिलं की कागद लांबतो आणि डोळा ओळ चुकतो, म्हणून ओळी लहान तोडल्या, रक्कम आणि नाव एकाच ओळीत, आणि पानाच्या तळाला चार बोटं जागा कोरी. बायकोला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा ती उठून गेली.

भाच्यानं पहिलं पान असं वाचलं की चेअरमनसुद्धा हसले. फक्त त्या कोऱ्या जागेत मी सवयीनं "कृ. मा. प." लिहिलं होतं.

"आणि आता दोन शब्द बोलतील," भाचा म्हणाला, "कृ. मा. पाटील!"

तीन पाटील उठले.