पॉवरलाइन अडॅप्टर आणि जुन्या घरातली मागची खोली

‘जुनं घर असो की नवं, दोन पॉवरलाइन अडॅप्टर कुठल्याही सॉकेटात लावा, मागच्या खोलीत फुल स्पीड नेट येतं.’

कुठलंही सॉकेट चालेल असं नाही. एक अडॅप्टर राऊटरला जोडलेला, दुसरा मागच्या खोलीत; दोन्ही विजेच्याच तारेतून एकमेकांना नेटचा सिग्नल पाठवतात, त्यामुळे मधली तार कशी आहे यावर सगळं ठरतं.

आपल्याकडे लाईट जाते म्हणून राऊटर हमखास इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो. मागच्या खोलीचं सॉकेट मात्र बहुधा थेट मीटरवरून आलेलं. मग सिग्नलला इन्व्हर्टर ओलांडावा लागतो आणि तिथेच तो बराचसा मरतो. थ्री-फेज मीटर असेल आणि खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील, तरी तसंच.

लातूरकडच्या एखाद्या जुन्या माळवदाच्या घरात अजून एक अडचण: लाकडी पट्टीतली वायरिंग, पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड. जोड सैल झाला की नेट तुटक चालतं. तिथेच दिवा लुकलुकत असेल, बोर्ड गरम लागत असेल, तर नेटचं राहू द्या, आधी वायरमनला बोलवा.

विकत घेण्याआधी कुणाची तरी जोडी मागून बघा. दोन्ही आधी एकाच खोलीत, थेट भिंतीच्या सॉकेटात लावा. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्ड सिग्नल खातो. तिथे वेग चांगला आणि मागच्या खोलीत पडतो, तर दोष वायरिंगचा. कूलर बंद केल्यावर सुधारला, तर कूलरच्या मोटरचा.

खोक्यावर ६०० एमबीपीएस लिहिलेलं असलं, तरी तेवढा वेग प्रत्यक्षात मिळत नाहीच. अनेक स्वस्त मॉडेलांचं लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं. वायरिंग अशी असेल तर भिंतीला भोक पाडून साधी लॅन केबल ओढलेली परवडते.