आबा गावाला गेलेले नाहीत

"लहान मुलांना मृत्यू कळत नाही. आजी-आजोबा गेले की 'गावाला गेलेत' किंवा 'झोपलेत' एवढेच सांगावे, मुलांसमोर रडू नये, दहाव्याला नेऊ नये. चार दिवसांत ती विसरतात."

घरोघरी मिळणाऱ्या या सल्ल्यातले पहिले वाक्य अर्धे खरे आहे. मानसशास्त्रज्ञ मारिया नाज यांनी बुडापेस्टमधील मुलांचा अभ्यास करून १९४८ साली प्रसिद्ध केला, त्यात पाच वर्षांखालील मुले मृत्यूला झोप किंवा प्रवास समजताना दिसली. म्हणजे 'गावाला गेलेत' असे सांगताना आपण मुलाचा नेमका तोच गैरसमज पक्का करतो.

साताऱ्यात माझ्या पाच वर्षांच्या भाच्याला हेच सांगितले गेले. तो रोज संध्याकाळी आबांच्या चपला दारात सरळ मांडून बसे, आणि सहाव्या दिवशी वडील कामासाठी कराडला निघाले तेव्हा त्याने त्यांच्या पायांना मिठी मारून हंबरडा फोडला, कारण गावाला गेलेला माणूस परत येत नाही एवढेच त्याच्या हाती लागले होते. 'झोपलेत' म्हटले असते, तर तो रात्री डोळे मिटायला घाबरला असता.

त्या रात्री बहिणीने त्याला जवळ घेऊन सांगितले, "आबा वारले. त्यांचे हृदय बंद पडले आणि डॉक्टरांनाही ते सुरू करता आले नाही. आता त्यांना भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही. ते परत येणार नाहीत." 'देवाघरी गेले' हे श्रद्धेने जरूर सांगावे, पण शरीर थांबले हे आधी सांगून. जाळताना भाजले नाही का, असे त्याने विचारले, तेव्हा तिने त्याचे वाढलेले नख दाखवले: हे कापताना दुखत नाही, तसे आबांच्या सगळ्या शरीराला आता काही कळत नव्हते. दोन दिवसांनी खरी भीती बाहेर आली. "मी चष्मा लपवला होता म्हणून गेले?" या वयात मुले आपल्या खोडीला किंवा रागाला मृत्यूचे कारण समजतात, म्हणून त्याने न विचारताही 'तुझ्यामुळे नाही' हे सांगायला हवे होते. तोच प्रश्न पुन्हा आला की तेच उत्तर त्याच शब्दांत द्यावे.

दहाव्याला नेऊच नये, हेही पटत नाही. संगम माहुलीला काय दिसेल ते तिने आदल्या दिवशीच सांगितले: पिंड, कावळ्याची वाट पाहणे, आणि बाबांचे काढलेले केस, जे पाहून मुले हमखास बिचकतात. जायचे की नाही हे त्याला ठरवू दिले आणि कंटाळला तर घेऊन परतायला मावशीला सोबत ठेवले. त्याला नको असते, तर नेले नसते.

रडणे लपवण्यापेक्षा 'आबांची आठवण आली' एवढे म्हणावे. नाहीतर मूल आई आपल्यावरच रागावली आहे असे समजते.

विसरण्याचे म्हणाल, तर मुलांचे दुःख तुकड्यातुकड्यांनी येते. भाचा आता क्रिकेट खेळतो, मध्येच थांबून आबांच्या खुर्चीवर कोण बसणार ते विचारतो आणि परत खेळायला जातो. काही आठवडे अंथरूण ओले होणे किंवा चिकटून राहणे यात वावगे काही नाही. महिनोन्‌महिने खेळ, जेवण, शाळा सुटली किंवा 'मलाही आबांकडे जायचे' असे तो वारंवार म्हणू लागला, तर मात्र बालमानसतज्ज्ञांना दाखवावे.