पुसलेला कान आणि स्थळाचा फोटो

«पोर्ट्रेट मोडचा ब्लर मागच्या भिंती-झाडांना लागतो, चेहऱ्याला नाही. केसांपाशी, कानापाशी थोडं पुसलं गेलं तर काय बिघडलं? माणूस नाक-डोळ्यांवरून कळतो. आणि मोठ्या कॅमेऱ्यातही कान ब्लर होतातच. स्थळाला बिनधास्त पोर्ट्रेट फोटोच पाठवा.»

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा सल्ला महिनाभर फिरतोय. त्यातलं एक मान्य: डोळे, नाक, ओठ चेहऱ्याच्या मध्यावर असतात, तिथे ब्लर सहसा चुकत नाही. (त्वचा गुळगुळीत करणारं ब्यूटी फिल्टर ही वेगळी भानगड.) घोळ होतो तो कडेला.

फोनला मागचं-पुढचं दिसत नाही, तो अंदाज बांधतो. काही फोन दोन लेन्समधल्या जेमतेम सेंटीमीटरभर अंतरावरून, काही माणसाची बाह्यरेषा ओळखून, बरेचसे दोन्ही मिळून. हा अंदाज फोटोपेक्षा भरड असतो. दोन लेन्सच्या जुन्या आयफोनमध्ये फोटो ४०३२ ठिपके रुंद, तर अंतराचा नकाशा ७६८. म्हणजे नकाशाच्या एका ठिपक्याच्या रुंदीत फोटोचे पाचेक ठिपके बसतात. सुटा केस त्याहून बारीक. मग फोन मूळ फोटोतल्या रंगांच्या सीमा बघून कड सावरून घेतो, आणि काळ्या केसांमागे गर्द झाड असलं की सीमाच सापडत नाही.

माझ्या भाचीचंच घ्या. केस कुरळे, डोक्याभोवती दोन बोटं फुललेले. सारसबागेत, दुपारी चारला, झाडीला जवळजवळ टेकून मीच फोटो काढला. छान आला म्हणून पाठवलाही. दोन दिवसांनी तिकडून निरोप: «मुलगी चांगली आहे, पण केस विरळ आहेत का हो?» मी चक्रावलो.

फोटो मोठा करून पाहिला. फुललेल्या केसांची पूर्ण कड झाडाबरोबर ब्लरमध्ये गेली होती, त्यामुळे केस तेल लावून चापून बसवल्यासारखे दिसत होते. मानेजवळ बटांच्या फटीतून दिसणारी पानं मात्र कडक शार्प. फोनने ती केसांत धरली होती. डाव्या कानाची वरची पाळी गायब, झुमका अधांतरी. उजवा कान अख्खा. त्यामुळे चेहरा डावीकडे अरुंद, किंचित वाकडा वाटत होता. नाक-डोळे जसेच्या तसे. पण केस दाट की विरळ, चेहरा गोल की निमुळता, हे आपण मधून नाही, कडेवरूनच ठरवतो. तिथेच फोनने कात्री चालवली होती.

आता मोठा कॅमेरा. कान ब्लर होतात हे खरं. ८५ मिमी लेन्सने, तिचं भोक एफ १.८ इतकं मोठं उघडून, दीड मीटरवरून काढलात तर सुमारे तीन सेंटीमीटर खोलीच शार्प राहते आणि कान तर नाकाच्या शेंड्यापासून दहा-बारा सेंटीमीटर मागे. पण तो ब्लर हळूहळू वाढतो: गाल, कल्ला, मग कान. समोर बघणाऱ्या माणसाचे दोन्ही कान सारखेच मऊ होतात, कानाला लागून असलेले केसही तितकेच. आणि काही नाहीसं होत नाही. बट धूसर होते, पण पसरलेली राहते. एक कान शार्प आणि दुसरा विरघळलेला, चष्म्याची काडी कानाआधीच संपलेली, गालाला लागून एकदम ब्लर सुरू, असं दिसलं तर ते लेन्सचं काम नव्हे. असा फोटो समोर आला तर केसांबद्दल आणि चेहऱ्याच्या रुंदीबद्दल त्यावरून काही ठरवू नये. नाक-डोळ्यांचं ठीक.

दुरुस्ती अवघड नाही. बऱ्याच फोनमध्ये मूळ माहिती फोटोसोबत जपलेली असते; एडिटमध्ये जाऊन पोर्ट्रेट बंद केलं किंवा ब्लर शून्यावर आणला की पुसलेला कान परत येतो. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पुढे गेलेल्या प्रतीत ही सोय उरत नाही, म्हणून हे पाठवण्याआधी करायचं. समोरच्यांकडून आलेल्या फोटोत शंका असेल तर साध्या मोडमधला एक मागायचा, त्यात मानापमान नाही.

मी सारसबागेतल्या फोटोचा ब्लर शून्यावर आणला. शिवाय घराच्या फिक्या भिंतीपासून चार पावलं पुढे उभं करून साध्या मोडमध्ये नवा फोटो काढला. भिंतीवर कॅलेंडरचा खिळा दिसतोय, दिसू दे. दोन्ही पाठवले. संध्याकाळी मुलाच्या मावशीचा फोन आला: «अगंबाई, कुरळे आहेत होय!»