माळ्यावरचा पेंटियम आणि तीन विंडोजचा संसार

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून माझा जुना कॉम्प्युटर खाली आला. पेंटियम ४, १ जीबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क आणि जीफोर्स ४ एमएक्स ४४० कार्ड. कॉलेजातल्या गेम्सच्या सीड्या अजून कपाटात होत्या. बायको म्हणाली, "भंगारवाला रविवारी येतो." म्हणजे हाताशी चार दिवस.

भाचा म्हणाला, "मामा, सेव्हन टाका. जरा नवीन आहे." १ जीबी रॅम ही विंडोज ७ची किमान अट, ती आपण काठावर पास. टाकलं. सुरू झालं, पण निम्म्याहून जास्त रॅम स्वतःच गिळून बसलं. गेमला उरलं ते पंगतीत शेवटच्या पानावर उरतं तेवढं. तेही चाललं असतं. पण खिडकी माउसने ओढली की ती तुकड्यातुकड्यांनी सरकायची, आणि गेम तर उघडेनाच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या जागी `Standard VGA Graphics Adapter` लिहिलेलं. म्हणजे विंडोजने आमच्या कार्डाला ओळखच दिली नव्हती. व्हिस्टापासून ग्राफिक्स ड्रायव्हरची सगळी घडणच बदलली आणि या कार्डासाठी नव्या घडणीचा ड्रायव्हर कधी आलाच नाही. चित्र दिसतं, पण थ्रीडीचं काम कार्ड करत नाही. प्रोसेसर चालवून घेतो म्हणून कार्डही घेईल असं नसतं, हे मला सेव्हन टाकून झाल्यावर कळलं.

मग उलट्या टोकाला गेलो. विंडोज ९८, दुसरी आवृत्ती. रॅम कमी खातं, कार्डाला ड्रायव्हर आहे, आणि मुख्य म्हणजे आत खरं डॉस आहे. इन्स्टॉल करताना पहिल्याच रीस्टार्टला पडद्यावर आलं:

```
Insufficient memory to initialize Windows.
```

मेमरी अपुरी! ज्या काळात ६४ एमबीवाला मिरवायचा, त्या काळचं विंडोज १ जीबी बघून अपुरी म्हणतंय. मी पेटी उघडून दोनपैकी एक पट्टी काढली. ५१२ एमबीवर गडी झक्क सुरू झाला. रॅम काढल्यावर मेमरी पुरली, हे बायकोला समजावायच्या भानगडीत मी पडलो नाही.

भानगड अशी. डिस्कवरचा मजकूर हाताशी ठेवायला ९८ एक कॅशे राखतं आणि त्याचा आकार रॅम बघून ठरवतं. रॅम ५१२च्या वर गेली की कॅशे एवढे पत्ते अडवून बसतं की बाकीच्यांना पत्ताच उरत नाही. सोसायटीत फ्लॅट रिकामे, पण नंबरांच्या सगळ्या पाट्या सेक्रेटरीच्या घरात, तसं. उपाय `system.ini`मध्ये, `[vcache]`खाली एक ओळ:

```
[vcache]
MaxFileCache=262144
```

आकडा केबीत, म्हणजे कॅशेला २५६ एमबीची वेसण. पट्टी परत लावली, चाललं.

आता ड्रायव्हर. ते सगळे मी पेनड्राइव्हवर हौसेने भरून ठेवले होते. पेनड्राइव्ह लावला, तर ९८ विचारतंय, याचा ड्रायव्हर द्या. तो कुठे होता? पेनड्राइव्हवर. किल्ली घरात आणि घराला कुलूप! सीडी जाळावी म्हटलं, तर भाच्याच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. "मामा, सीडी म्हणजे नक्की किती जीबीची?" असंही वर विचारून गेला.

शेवटी डिस्कच्या दुसऱ्या भागावर एक्सपी टाकलं. क्रम हाच हवा: आधी ९८, मग एक्सपी. नंतर येणारं एक्सपी धाकट्या सुनेसारखं थोरल्याला सांभाळून घेतं आणि सुरुवातीला दोघांची यादी दाखवतं. उलट केलं तर ९८ येऊन एक्सपीचा उंबरठाच पुसून टाकतं. ९८चा भाग मी फॅट३२ ठेवला होता, तिथे एक्सपीला लिहिता येतं. एक्सपीने पेनड्राइव्ह मुकाट ओळखला, सगळे ड्रायव्हर थोरल्याच्या घरात नेऊन ठेवले. मग ९८मध्ये जाऊन आधी मदरबोर्डच्या चिपसेटचा, मग ग्राफिक्सचा ८१.९८, मग साउंड ब्लास्टर लाइव्हचा टाकला. त्या साउंड कार्डाचा ९८वाला ड्रायव्हर डॉसच्या गेमला जुनं साउंड ब्लास्टर असल्याची बतावणी करतो. एक्सपीत तेच गेम एकतर मुके, नाहीतर घसा बसल्यासारखे.

म्हणून डॉसचे गेम ९८वर, २००२नंतरचे एक्सपीवर. दोघांचंही माहेर केव्हाच सुटलंय. एक्सपीचे अपडेटसुद्धा एप्रिल २०१४ला बंद झाले. इंटरनेटची वायर मी लावलेलीच नाही.

रविवारी भंगारवाला दारात आला तेव्हा मी यादीसमोर बसून विचार करत होतो, आज कोण. ३० सेकंद झाले आणि एक्सपी आपणच सुरू झालं. बायको म्हणाली, "बघा, त्यालासुद्धा कळलं तुमचं काही ठरत नाही."