एका सेन्सरची कृषिक्रांती करा

सेकंड इयरला आहात, हाताशी एकुलता एक प्रोजेक्ट आहे आणि उन्हाळ्यात कुपवाड एमआयडीसीत इंटर्नशिप हवी आहे? मग आमच्या गल्लीतल्या पोरानं केलं तसं करू नका.

त्यानं दिवाळीच्या सुट्टीत घरच्या हळदीत ओलावा मोजणारा दोन पायांचा सेन्सर खुपसला आणि अर्डिनो उनोला जोडला. कोरड्या मातीत आकडा हजाराच्या आसपास, पाणी दिलं की चारशेच्या खाली. बस्स. तुम्ही याला ‘आयओटी आधारित स्मार्ट कृषिक्रांती’ म्हणा. इंटरनेटचा कुठे संबंधच आला नव्हता, हे कोण विचारतंय?

पुढचं तर झाकूनच ठेवा. आठवड्याभरात सेन्सर भर चिखलात उभा राहून ‘माती कोरडी’ म्हणायला लागला. पोरानं तो उपटून धुतला, तर एक पाय हिरवा-काळा पडून झिजलेला, दुसरा बरा. चोवीस तास पाच व्होल्टचा डीसी आणि भोवती ओली माती, म्हणजे बारावीतलं इलेक्ट्रोलिसिसच की! पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळत गेलं, करंट जाईना, आणि सर्किटला ते कोरड्या मातीसारखंच दिसलं. मोटर जोडली असती तर ओल्या वाफ्यात आणखी पाणी सुटून कंदच कुजले असते. मग त्यानं सेन्सरचा सप्लाय डिजिटल पिन ७ वर घेतला. अर्ध्या तासातून एकदा पिन चालू, क्षणभर थांबून रीडिंग, लगेच बंद. झीज थांबली नाही, पण मंदावली.

आता बघा, या बावळटानं अर्जात हेच लिहिलं. झिजलेल्या पायाचा फोटोसुद्धा लावला! ‘मोटर अजून जोडलेली नाही’ हेही कबूल केलं. अशानं अब्रू राहते का?

तुम्ही ‘जिज्ञासू, मेहनती, टीम प्लेअर’ एवढं लिहा आणि चाळीस कंपन्यांना एकाच मेलमध्ये पाठवा. सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसू द्या, तेवढीच त्यांची आपसात ओळख होईल. कंपनी काय बनवते ते शोधत बसू नका. पंपाचे पॅनल बनवणाऱ्यालाही वेब डेव्हलपमेंटची आवड कळवा. फाइलचं नाव ‘रेझ्युमे फायनल फायनल २’ असलं की कष्ट दिसतात.

असा अर्ज पाठवला की निवांत. कुणी उलट काही विचारत नाही. आमच्या पोराला मात्र एका पॅनलवाल्याचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘कपॅसिटिव्ह सेन्सर का नाही लावला?’ त्या प्रकारात धातू मातीला लागतच नाही, हे त्याला त्या रात्री जागून वाचावं लागलं. आता सुट्टी असूनही बिचारा रोज सकाळी डबा घेऊन कुपवाडची बस पकडतो.