पाच बदल, पण विंडो तीनच: एका प्रतिक्रियेला उत्तर

“फुटबॉलमधल्या पाच बदलांवरचा लेख वाचला. उगाच डोकं खाल्लंत. पाच बदल मिळाले की कोचला विचार करायचं कामच उरत नाही. जो दमला तो काढायचा, ताजा घालायचा. प्रीमिअर लीगने मध्ये दोन मोसम तीनच बदल ठेवले होते, हेही तुम्हाला माहीत नाही. मोठ्या क्लबांच्या सोयीचा नियम, त्यावर एवढं काय लिहायचं?” — एक वाचक, मालवण

नमस्कार. मत पटलं नाही तर खुशाल सांगा, पण ‘डोकं खाल्लंत’ ही भाषा तुम्ही समोर बसून वापरली असती का? असो. प्रीमिअर लीगबद्दल तुमचं बरोबर आहे. २०२०-२१ आणि २०२१-२२ या मोसमांत तिथे तीनच बदल होते, पाच पुन्हा आले ते २०२२-२३ पासून. लेखातली ओळ दुरुस्त केली.

आता ते ‘जो दमला तो काढायचा’. मी बरीच वर्षं रत्नागिरीच्या मैदानांवर चौथा पंच म्हणून पाटी धरून उभा राहतो, तेव्हा एवढं सांगायला हरकत नसावी: बदल पाच असले तरी ते करायला खेळ थांबवण्याच्या संधी, म्हणजे विंडो, तीनच असतात. हाफटाइम तेवढा फुकट. एकेकाला सुटं काढत बसलात तर तिसऱ्या बदलालाच विंडो संपतात आणि उरलेले दोघे बाकावरच राहतात. म्हणून कोण दमलाय याच्याबरोबरच, आणखी दहा मिनिटांत कोण दमेल, हेही कोचला आधी ओळखावं लागतं. दोघांना एकाच थांब्यात काढायचं ते त्यासाठी.

२३ नोव्हेंबर २०२२ ची वर्ल्ड कपमधली जपान-जर्मनी मॅच घ्या. जपान ०-१ ने मागे. हाफटाइमला जपानचे कोच मोरियासू यांनी कुबोला काढून तोमियासू हा डिफेंडर घातला आणि मागे तिघे केले. पिछाडीवर असताना डिफेंडर! पण त्यामुळे दोन्ही कडा मोकळ्या झाल्या, आणि विंडो एकही खर्च झाली नाही. ५७ व्या मिनिटाला एकाच थांब्यात मितोमा आणि असानो, ७१ ला दोआन, ७५ च्या सुमारास मिनामिनो. मितोमा नागातोमोच्या जागी, मिनामिनो साकाईच्या जागी, म्हणजे बॅक काढून हल्ला करणारे. नुकत्याच उतरलेल्या मिनामिनोला मितोमाने चेंडू दिला, त्याचा फटका नॉयरने अडवला आणि सुटलेला चेंडू दोआनने गोलात मारला, १-१. ८३ व्या मिनिटाला इताकुराच्या लांब फ्री किकवर असानो पळाला आणि २-१.

जर्मनीनेही पाच बदल केले होते, तेही तीनच विंडोत. पण पाचही मधल्या फळीतले आणि पुढचे. मागचे चौघे ९० मिनिटं तेच. हीच गोष्ट तुमच्या ‘सोप्या’ हिशोबात बसत नाही. पाच बदलांमुळे संघाची दमणूक संपत नाही, ती न बदललेल्या पाच फील्ड खेळाडूंवर येऊन साचते. आणि त्यांत बहुधा सेंटर बॅक असतात, कारण त्यांचा एकमेकांशी ताळमेळ मोडायला कोच धजत नाही. पूर्वी शेवटच्या वीस मिनिटांत समोरचा विंगरही यांच्याइतकाच दमलेला असायचा. आता तो विसाव्या मिनिटाच्या दमात धावतो आणि हा ऐंशीव्या. त्या जर्मन पराभवाला इतरही कारणं होती (सोप्या संधी त्यांनी दवडल्या), पण असानोच्या गोलाच्या वेळी मागे कोण होतं ते पुन्हा पाहा.

दमलेला डिफेंडर ओळखायला घड्याळ लागत नाही. तो पाय हलवून जागा घेण्याऐवजी पाय लांबवतो, वळायला उशीर करतो, आणि कॉर्नर झाल्यावर परतताना चालत येतो. हे दिसलं की त्याच्या बाजूचा बॅक तरी ताजा करा.

उलट बाजूही आहे. जपानने पंच्याहत्तरीतच सगळं वापरून टाकलं. त्यानंतर कुणाचा हॅमस्ट्रिंग गेला असता तर भरपाई वेळेसकट दहा जणांनी खेळावं लागलं असतं. मागे असताना हा जुगार ठीक. आघाडीवर असताना एक खेळाडू आणि एक विंडो ८० मिनिटांपर्यंत राखून ठेवावी. नॉकआउट असेल तर एक्स्ट्रा टाइममध्ये एक विंडो वाढते, आणि स्पर्धेने मान्य केलं असेल तर सहावा बदलही मिळतो, तेव्हा थोडं ढिलं चालतं.

आपल्याकडे ऑक्टोबरात दुपारी तीनच्या मॅचला दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतच जातं. तिथे पहिली विंडो साठाव्या मिनिटापर्यंत थांबवू नका, पन्नाशीतच कडेचे दोघे बदला.

मोठ्या क्लबांचा मुद्दा जुनाच आहे, त्यात पडत नाही. आणि लेख लांब वाटत असेल तर अर्ध्यावर सोडायला कोणाची ना आहे?