मधात सुटलेला सालदार

परवा शेठजींच्या मामांनी माझ्या राजीनाम्यावर खर्रा घोटला. राजीनामा एका ओळीचा होता. त्याला जोडलेली चार पानं टेबलावर पसरली होती, तीच त्यांनी पन्नीखाली अंथरली. दोन रात्री जागून लिहिलेली पानं होती ती.

मी जिनिंगमध्ये काटा आणि हिशेब सांभाळतो. ऐन सीझनमध्ये जुन्या रजिस्टरवरून नव्या सॉफ्टवेअरवर जायचं काम चालू आहे आणि मला नागपुरात नोकरी लागली. मी मधात सुटलो तर चुकारे अडकतील आणि शेतकरी फाटकावर उभे राहतील, म्हणून टप्प्याटप्प्यानं काम सोपवायचा बेत केला. नोटीस दोन महिन्यांची आहे, तेवढ्यात बसतं सगळं.

हे मी शेठजींना समजावत होतो. ऐकत होते मामाजी.

"काऊन रे बाबू, सालदार पाडव्याले सुटते. कपाशीच्या गाड्या लागल्या असताना सुटलेला सालदार तू पाह्यला काय कोठी?"

"मामाजी, मी सालदार नाही."

"मंग पगार कायचा घेतं?"

याला उत्तर नव्हतं. त्यांनी सुपारी चोळली, चुना टाकला, पुन्हा चोळलं. मग १९७२ च्या दुष्काळातला त्यांचा एक सालदार निघाला. तो गेला तो गेलाच, पण जाताना नव्या गड्याला गोठ्यात उभं करून कोणता बैल लाथ मारते ते सांगून गेला. "मारून घ्यायला लावलं त्याले एकडाव. मंग समजलं."

हे ऐकून मी गप्प बसलो, कारण माझ्या चार पानांत हेच होतं, फक्त लाथ नव्हती. पहिल्या टप्प्यात मी करणार, नवा माणूस शेजारी बसून बघणार. दुसऱ्यात तो करणार, मी मागं खुर्चीत हात बांधून बसणार. तिसऱ्यात गर्दीच्या दिवशी मी फोन बंद करून घरी. पुढच्या टप्प्याला जायचं ते तारीख आली म्हणून नाही. सलग तीन संध्याकाळी फाटकाचं रजिस्टर, काट्याच्या पट्ट्या आणि चुकाऱ्याची यादी माझ्याशिवाय जुळली, तरच. शिवाय बँकेतून थेट चुकारा ज्या आठवड्यात सुरू होईल, त्या आठवड्यात माणूस बदलायचा नाही. नाहीतर चूक निघाली की ती सॉफ्टवेअरची की माणसाची, हेच कळत नाही.

आता आमचा लाथ मारणारा बैल. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं, कापूस गंजीवर खाली होतो, मग रिकामी गाडी पुन्हा काट्यावर यायला हवी. ड्रायव्हरला घाई असते. तो मागच्या फाटकानं सटकतो आणि पट्टी उघडी राहते. सॉफ्टवेअर चुकारा अडवतं, आणि बरोबर करतं. अशा वेळी त्याच गाडीचं मागच्या खेपेचं रिकामं वजन टाकायचा मोह होतो. पण गाडीत ताडपत्री असते, डिझेल असतं, मागं माणसं बसलेली असतात. ३० किलोचा फरक सहज पडतो. क्विंटलला सात हजारांच्या भावानं ते २,१०० रुपये झाले, एकतर शेतकऱ्याचे नाहीतर शेठजींचे. म्हणून पट्टी तशीच ठेवायची आणि सकाळी गाडी परत बोलवायची. हे कोणत्याच मॅन्युअलमध्ये नाही, माझ्या डोक्यात आहे. लॉगिनचा ओटीपी माझ्याच फोनवर येतो, तेही तसंच. नंबर बदला म्हणून मी दिवाळीपासून सांगतोय.

शेठजी म्हणाले, "बरोबर आहे तुझं. माणूस देतो."

माणूस म्हणजे मामाजींचा नातू. "मोबाइलातलं समदं येते त्याले." आला, शेजारी बसला, मी चहाला गेलो तेवढ्यात उघड्या सगळ्या पट्ट्यांत जुनी वजनं टाकून मोकळा झाला. स्क्रीनवर सगळं हिरवं. "झालं ना भाऊ, सोपं तर आहे!" ते सगळं उलटवता उलटवता रात्र झाली. डबा तसाच राहिला.

मी म्हटलं, पहिला टप्पा पुन्हा करू. शेठजी म्हणाले, कर की, घाई काय. घाई मला आहे! नागपूरवाले रुजू व्हायची तारीख विचारतात आणि इथं टप्पा पुढं सरकत नाही. काम वाऱ्यावर सोडून जायचं नाही म्हणून मीच लिहिलेली योजना आता मलाच बांधून ठेवायला वापरली जातेय. सरळ निघून गेलो असतो तर दोन दिवस शिव्या दिल्या असत्या आणि विसरले असते.

काल रिलिव्हिंग लेटरचं विचारलं. काम पूर्ण सोपवलं की लगेच, म्हणाले शेठजी. पूर्ण झालं हे ठरवणार कोण, विचारलं. त्यांनी मामाजींकडे पाहिलं. मामाजी खर्रा तोंडात धरून होते. त्यांनी नुसता हात वर केला, म्हणजे थुंकून येतो, मग बोलू.